टाइल कमी मापाची आली, फरशी अपुरी पडली: दुकानदाराला पत्र कसे लिहावे

दुकानात ‘दोन बाय दोन’ म्हणून विकली जाणारी टाइल बहुतेक वेळा दोन फुटांची नसते. दोन फूट म्हणजे 609.6 मिलिमीटर, आणि खोक्यावर छापलेले असते 600 × 600 मिलिमीटर. एका टाइलला साडेनऊ मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण बिल चौरस फुटांवर केले असेल तर तो शेवटच्या खोलीत, बहुधा दाराजवळ, उघडा पडतो. अशा वेळी लिहायच्या पत्राची पद्धत एका उदाहरणावरून पाहू.

एका सदनिकेची उघडी जमीन 745 चौरस फूट भरली. कटिंग आणि तूटफूट यांसाठी 55 चौरस फूट धरून 800 चौरस फूट टाइल मागवली. कोटेशनमध्ये लिहिले होते: ‘2 × 2 फूट, 50 खोकी, प्रत्येकी 4 नग, एकूण 800 चौ. फूट, दर रु. 62 करासह’. म्हणजे बिल 49,600 रुपयांचे झाले. खोक्यावर मात्र 1.44 चौरस मीटर असे छापलेले होते, आणि 1.44 ला 10.764 ने गुणले की उत्तर येते साडेपंधरा चौरस फूट. 50 खोक्यांत प्रत्यक्ष टाइल आली 775 चौरस फूट. 25 चौरस फुटांची ही तूट पैशांत 1,550 रुपये होते.

पत्र लिहायला बसण्यापूर्वी मिस्त्रीला काम थांबवायला सांगा. टाइल एकदा सिमेंटवर बसली की तुम्ही माल स्वीकारलात असे धरले जाते आणि तो परत करण्याचा मार्ग जवळपास बंद होतो. पैशांचा दावा तरीही करता येतो, पण मग बदली माल मागण्याला फारसा अर्थ राहत नाही.

मग माप घ्या. एकच टाइल मोजली तर ‘टेप नीट धरली नव्हती’ असे ऐकावे लागते. त्यातून टेपच्या टोकाचा पत्रा थोडा हलता असतो आणि मिलिमीटरभराची चूक तिथेच होते. म्हणून वेगवेगळ्या खोक्यांतील पाच टाइल्स सपाट जागी एका रेषेत एकमेकींना चिकटवून ठेवा आणि टेप शून्याऐवजी 10 सेंटिमीटरच्या खुणेपासून धरून मोजा. पाच टाइल्सची लांबी 3,048 मिलिमीटर यायला हवी, ती 3,000 येईल. हीच लांबी फूट-इंचात मोजली तर पाचव्या टाइलची कड दहा फुटांना जवळजवळ दोन इंच कमी पडते, आणि हे अंतर छायाचित्रात स्वच्छ दिसते. खोक्याच्या लेबलाचेही छायाचित्र घ्या. त्यावर माप, नगांची संख्या, क्षेत्रफळ, शेड आणि बॅच क्रमांक असतात.

आता पत्रातला खरा मुद्दा. बहुतेक लोक इथे चुकतात आणि ‘तुम्ही लहान टाइल देऊन फसवले’ अशी सुरुवात करतात. त्यावर दुकानदाराचे उत्तर तयार असते: बाजारात 600 लाच दोन बाय दोन म्हणतात. ते खरेही आहे. त्यामुळे नावावरून वाद घालू नका. तक्रार क्षेत्रफळाची करा. टाइलला काहीही म्हणा, पण 800 चौरस फुटांचे पैसे घेऊन 775 चौरस फूट माल दिला आहे, याला बाजारातील प्रथेचे उत्तर नाही. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 37 नुसार ठरल्यापेक्षा कमी माल आल्यास ग्राहक तो नाकारू शकतो, किंवा स्वीकारून आलेल्या मालापुरतेच पैसे देऊ शकतो. दुसरीकडे, कोटेशनमध्येच 600 × 600 मिलिमीटर आणि नगावर दर लिहिलेला असेल, तर हे पत्र लिहू नये. तिथे हिशेबाची चूक आपली असते. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरच्या फरकावरूनही तक्रार टिकत नाही, कारण तेवढी सूट उत्पादनात धरलेलीच असते.

पत्राचा मजकूर साधारण असा असावा:

प्रति, मा. व्यवस्थापक, ……
विषय: बिल क्र. ……, दि. …… अन्वये पुरवलेल्या टाइल्सचे क्षेत्रफळ कमी असल्याबाबत.

महोदय,
आपल्या दि. …… च्या कोटेशननुसार मी 2 × 2 फूट मापाच्या 200 टाइल्स, एकूण 800 चौरस फूट, रु. 62 प्रति चौरस फूट दराने मागवल्या व रु. 49,600 अदा केले. दि. …… रोजी मिळालेल्या 50 खोक्यांवर प्रत्येकी 1.44 चौरस मीटर, म्हणजे 15.5 चौरस फूट, असे नमूद आहे. प्रत्यक्ष मापही त्याप्रमाणेच भरले. त्यामुळे एकूण पुरवठा 775 चौरस फूट झाला असून 25 चौरस फूट माल कमी आहे व माझ्या घराची फरशी अपुरी राहत आहे. टाइल्स अद्याप बसवलेल्या नाहीत.

तरी त्याच शेडची व त्याच बॅचची दोन खोकी हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत पाठवावीत. त्यांतील 25 चौरस फुटांवरील 6 चौरस फुटांचे रु. 372 मी देईन. त्या बॅचचा माल शिल्लक नसल्यास रु. 1,550 परत करावेत, अथवा सर्व माल स्वखर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. सोबत कोटेशन, बिल, डिलिव्हरी चलन व छायाचित्रे यांच्या प्रती जोडल्या आहेत.
आपला/आपली, ……

जादा 6 चौरस फुटांचे पैसे देऊ केल्याने मागणी काटेकोर दिसते, आणि माझ्या मते कायद्याच्या धमकीपेक्षा त्या एका वाक्याचा परिणाम जास्त होतो. बॅचचा आग्रह मात्र सोडू नका. दुसऱ्या बॅचची टाइल रंगाने किंचित वेगळी निघते, आणि दिवाणखान्याच्या मधोमध ती कायम दिसत राहते.

दुकानदार सांध्यांचा मुद्दा काढील, म्हणजे स्पेसरमुळे टाइल जास्त जागा व्यापते असे म्हणेल. 2 मिलिमीटरचा सांधा धरला तरी 200 टाइल्स सुमारे 780 चौरस फूटच व्यापतात. 800 भरायला जवळपास 10 मिलिमीटरचा सांधा ठेवावा लागेल, आणि घरात तेवढा सांधा कोणी ठेवत नाही.

पत्राच्या दोन प्रती करा, दुकानात जाऊन एक द्या आणि दुसरीवर शिक्का, सही व तारीख घ्या. सही नाकारली तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि तेच पत्र व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. सात दिवसांत उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. कमी मापाचा माल हा वैध मापन शास्त्र विभागाचाही विषय आहे. वैध मापन अधिनियम, 2009 प्रमाणे बिल मेट्रिक एककातच करावे लागते, त्यामुळे केवळ चौरस फुटांत केलेले बिल दुकानदाराला तिथे अडचणीचे ठरते. त्यानंतरचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा असून तिथे दोन वर्षांच्या आत जावे लागते.

नवीन खोकी आली की ती उघडण्यापूर्वी बॅच क्रमांक जुन्या लेबलाच्या छायाचित्राशी ताडून पाहा, आणि क्रमांक जुळत नसेल तर चलनावर तसे लिहूनच सही करा.