टेम्पो धावण्याचा वेग कसा ठरवावा

धावताना स्नायूंमध्ये लॅक्टेट सतत तयार होते आणि शरीर ते इंधन म्हणून वापरतही असते. परंतु एका ठरावीक वेगापुढे ते वापरले जाण्यापेक्षा अधिक तयार होऊन रक्तात साचू लागते, धाप वाढते आणि तो वेग फार काळ टिकत नाही. हीच लॅक्टेटची मर्यादा होय. साधारणपणे तासभर जेमतेम टिकवता येईल असा हा वेग असतो आणि या वेगाच्या आसपास सलग धावणे म्हणजेच टेम्पो धावणे.

१० किलोमीटर ५५ मिनिटांत धावणाऱ्याने, म्हणजे किलोमीटरला साडेपाच मिनिटे घेणाऱ्याने, १५ मिनिटे सावकाश धावून अंग तापवावे आणि मग किलोमीटरला सुमारे ५ मिनिटे ४० सेकंद या वेगाने सलग २० मिनिटे धावावे. आठवड्यातून एकदा असे केल्यास काही आठवड्यांत स्नायूंची लॅक्टेट वापरण्याची क्षमता वाढते आणि मर्यादेचा वेग पुढे सरकतो. धावताना तीन-चार शब्द बोलता यावेत, पूर्ण वाक्य नव्हे. शेवटच्या पाच मिनिटांत वेग घसरला, तर सुरुवात जास्त वेगाने झाली असे समजावे.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पहाटेही उकाडा असतो व त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात, म्हणून तेव्हा घड्याळाऐवजी श्वासावरूनच वेग ठरवणे मला अधिक योग्य वाटते.