आधी पट्टी, मग जखम: उलट्या क्रमाने शूट होणाऱ्या सीनची कंटिन्युइटी कशी लिहावी

चार दिवसांत शॉर्टफिल्म उरकायची असली की शेड्यूल गोष्टीच्या क्रमाने लागत नाही, जागेच्या क्रमाने लागतं. खानापूरकडचं घर दोनच दिवस मिळतंय, म्हणून घरातले सगळे सीन पहिल्या दोन दिवसांत. निपाणीजवळचं रान तिसऱ्या दिवशी. आता गोष्ट अशी की सुमन रानात गवत कापताना विळ्याने बोट कापून घेते (सीन १२), वाटेने येते (सीन १३), घरी वैनी तिचं बोट बांधते (सीन १४), दुसऱ्या दिवशी ती तशाच हाताने भाकरी थापते (सीन १८) आणि पाचव्या दिवशी पट्टी निघालेली असते (सीन २२). म्हणजे पट्टी पहिल्या दिवशी शूट होणार आणि जखम तिसऱ्या दिवशी.

नवखे लोक इथेच फसतात. काय शूट झालं तेवढं ते लिहितात. पण सीन १४ आधी शूट झाला की सीन १२ मध्ये कुठला हात, कुठलं बोट, चिखल किती, हे सगळं ठरून गेलं. त्यामुळे पहिल्या दिवसाची नोंद ही तिसऱ्या दिवसाला दिलेली सूचना असते, आणि ती तशीच लिहायला हवी.

शूटच्या आधी: कथेचे दिवस

स्क्रिप्ट घेऊन प्रत्येक सीनवर कथेचा दिवस लिहा. वरच्या गोष्टीत १२, १३, १४ हा दिवस १, सीन १८ हा दिवस २, सीन २२ हा दिवस ५. शूटचा दिवस वेगळ्या रंगाने लिहा, नाहीतर दोन्ही आकडे एकमेकांत मिसळतात. मग फक्त बदलत जाणाऱ्या गोष्टी निवडा. भिंतीवरचं कॅलेंडर, घड्याळ यांचा बंदोबस्त एकदाच होतो: घड्याळाचा सेल काढून ठेवा आणि प्रत्येक सीनआधी काटे हाताने लावा. जखम, चिखल, भिजलेलं लुगडं, विस्कटलेला अंबाडा यांची मात्र अवस्था लिहावी लागते.

जखमेच्या चार अवस्था पुरतात. क: उघडी, लाल रक्त. ख: फडकं बांधलेलं, लाल ओला डाग. ग: तेच फडकं, डाग सुकून तपकिरी, कडेला पीठ. घ: फडकं नाही, खपली. फडकी एकाच जुन्या सुती लुगड्याची, एकाच मापाची फाडून ठेवा. ख साठी निदान चार, कारण प्रत्येक टेकला नवं लागतं, आणि ग साठी दोन. आतल्या बाजूला पेनने अक्षर घाला. ‘ख’चंच फडकं दुसऱ्या दिवसाच्या सीनला वापरलं तर डाग ताजा लाल दिसतो, आणि रात्र मधे गेलीच नाही असं वाटतं.

पहिल्या क्लॅपच्या आधी अभिनेत्रीला विळा हातात देऊन पाहा. उजव्या हाताने कापणारी असेल तर गवताची मूठ डाव्या हातात असते, म्हणून जखम डाव्या तर्जनीला. ती डावखुरी निघाली तर सगळं उलटं. हे तिसऱ्या दिवशी रानात कळलं तर घरातले तिन्ही सीन चुकीचे ठरलेले असतात.

मातीचंही तसंच. निपाणीकडचं रान काळं, खानापूरचं अंगण तांबडं. पडद्यावर हे एकच गाव आहे. रान काळं दिसणार हे पक्कं, म्हणून घरातल्या सीनमध्ये सुमनच्या पायाला काळा चिखल हवा, आणि ती चार-पाच किलो माती पहिल्या दिवसाच्या आधीच आणून ठेवायला हवी. उंबरठ्याच्या आत हे निभतं. अंगणाचा वाइड शॉट घेतला तर तांबड्या जमिनीवर काळे पाय उठून दिसतात. दिग्दर्शकाला हे आदल्या रात्रीच सांगा.

सेटवर: आत येताना, बाहेर जाताना

एका सीनला एक पान, पेन्सिलने; पावसात शाई पसरते. पानाचे दोन भाग करा: पात्र सीनमध्ये आलं कसं, गेलं कसं. सीन १४ चं ‘आली कशी’ असं:

अवस्था क. सुमनची डावी तर्जनी, मधल्या पेऱ्यावर आडवा काप. उजव्या हाताने बोट दाबलेलं. पदर डावीकडे कमरेला खोचलेला. चिखल घोट्याच्या वर चार बोटं, डावा पाय जास्त. विळा नाही.

डावं-उजवं नेहमी पात्राचं लिहा, कॅमेऱ्याचं नाही. फोटो मागच्या कॅमेऱ्यानेच काढा. पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो बऱ्याच फोनमध्ये आरशासारखा उलटा साठतो, आणि डाव्या हाताची पट्टी उजव्या हाताला दिसते. पाच फोटो बास: समोरून, मागून, दोन्ही हात, पाय. मेकअप झाल्यावर काढलेल्या फोटोवर विसंबू नका. पहिल्या रिहर्सलमध्येच पदर सुटून खांद्यावर येतो. ओके टेक झाल्याबरोबर, ‘कट’नंतर कोणी हलायच्या आत काढा. नावं `S14_IN_hands`, `S14_OUT_feet` अशी द्या. सीनचा आकडा दोन अंकी ठेवा, म्हणजे `S09` हा `S14` च्या आधी येतो.

सीनच्या आतली कंटिन्युइटी शब्दाला बांधा. भाकरीच्या सीनमध्ये सुमन म्हणते, “वैनी, बघ की गे, किती काळं पडलंय.” मास्टर शॉटमध्ये तिने ‘काळं’ या शब्दावर भाकरी उलटली. स्क्रिप्टमध्ये त्या शब्दाखाली रेघ मारून लिहा: उ. हात, भाकरी उलटली. क्लोजला तिने ‘बघ की’वरच उलटली तर एडिटरला त्या वाक्यात कापता येत नाही. टेकच्या मधे मिळतात ते काही सेकंद. तेवढ्यात हात, हातातली वस्तू, नजर आणि चुलीतला जाळ एवढंच टिपा. मागच्या फडताळातला डबा सरकला तर कोणाच्या लक्षात येत नाही, लाकूड जळून निम्मं झालं तर येतं. त्यासाठी एकाच लांबीची लाकडं तोडून ठेवा आणि प्रत्येक टेकला बदला.

रस्त्यावरच्या सीनला टेम्पोचा नंबरही लिहा. निपाणीत भाड्याने घेतलेला टेम्पो केए-२३ असतो, खानापुरात मिळालेला केए-२२. एकाच टेम्पोच्या जागी दोन वापरले तर पाटी फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

रोज संध्याकाळी: बांधील यादी

पॅकअपनंतर पंधरा मिनिटं काढून आजच्या सीनने न झालेल्या सीनवर काय लादलं ते एका पानावर लिहा. पहिल्या दिवसाचं पान असं दिसेल: ‘सीन १२: काप डाव्या तर्जनीला. सीन १३ संपताना: पदर डावीकडे खोचलेला, हातात विळा नाही.’ याची प्रत मेकअप, कॉस्च्युम आणि प्रॉपर्टी बघणाऱ्यांना त्याच रात्री द्या. तिसऱ्या दिवशी सकाळी रानात पोचल्यावर हेच पान मोठ्याने वाचा.

वेळ संपत आली की एखादा सीन उडतो, आणि हे पान तिथेच खरं कामाला येतं. समजा ऊन उतरलं म्हणून सीन १३ रद्द झाला. वाटेवर विळा टाकून देणं त्याच सीनमध्ये होतं. घरी तर ती मोकळ्या हातांनी आलेली आधीच शूट झाली आहे. म्हणून सीन १२ आटोपण्याआधी एक शॉट मागून घ्या: बोट कापताच विळा गवतात पडतो आणि ती तो न उचलता उठून चालू लागते. उठताना पदर डावीकडेच खोचून घ्यायला सांगा.