नवी लोखंडी कढई: तेल लावणं सोपं, पुसणं अवघड

कुणी तुम्हाला नव्या कढईत वाटीभर तेल ओतून ती रात्रभर तशीच ठेवायला सांगितलं, तर खुशाल दुर्लक्ष करा. तांदळाच्या पेजेत दोन दिवस बुडवायला सांगितलं, तरीही. पहिल्या प्रकारात तेल वाया जातं. दुसऱ्यात फार तर थोडा गंज सुटतो आणि पेज ओतून दिल्यावर तासाभरात तांबूस डाग पुन्हा दिसू लागतात. दोन्हींत उष्णता नाही, आणि उष्णतेशिवाय सीझनिंग, म्हणजे भांड्यावर तेलाचा पक्का थर बसवणं, होत नाही.

‘लोखंडाची छिद्रं तेल पितात’ हेही मी फार ऐकलं. लोखंड म्हणजे माठ नव्हे, ते काही पीत नाही. तेलाचा अगदी पातळ थर तापलेल्या लोखंडावर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, आणि तेलकट द्रवाचा कोरडा, कडक थर होतो. हा थर झाला की ते तेल उरत नाही, म्हणून साबणाने निघतही नाही. आपल्याला असे तीन-चार थर एकावर एक बसवायचे असतात. एवढं डोक्यात बसलं की बाकीच्या सूचना आपोआप कळतात.

आधी धुवा

नव्या भांड्यावर गंज येऊ नये म्हणून यंत्राचं तेल, मेण किंवा काळपट लेप लावलेला असतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि तारेची घासणी घेऊन घासत राहा. पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर काळं-चिकट काही लागलं नाही की झालं. काळा रंग पापुद्र्यासारखा निघत असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर तुमचा थर त्या रंगावर बसेल आणि त्याच्यासोबतच निघेल. धुतल्यावर भांडं लगेच गॅसवर ठेवून वाळवा. ओट्यावर निथळत ठेवलंत तर दहा मिनिटांत तांबूस छटा येते.

तेल कोणतं

रिफाइंड सूर्यफूल, सोयाबीन किंवा राइस ब्रान, घरात असेल ते. खोबरेल आणि तूप मात्र नको. त्यांतली बहुतेक स्निग्धता ऑक्सिजनशी नीट जुळत नाही, त्यामुळे थर कच्चा राहतो. जवसाच्या तेलाचं फार कौतुक होतं. त्याचा थर झटकन वाळतो आणि सुंदर चकाकतोही, पण माझ्या तव्यावरून तो महिन्याभरात टिकल्यांसारखा सुटू लागला. मी ते पुन्हा वापरलं नाही.

पुसणं

माझी पहिली कढई इथेच बिघडली. पातळ पत्र्याची, दहा इंची, गोल बुडाची. मी मोठ्या प्रेमाने दोन चमचे तेल चोळलं, थोडंसं पुसलं आणि मोठ्या आचेवर ठेवली. धूर आला, कढई काळी झाली, मी खूश. गार झाल्यावर आतून हात फिरवला तर कडांजवळ ठीक होतं, पण बुडाशी तपकिरी, मधासारखं चिकट डबकं जमलं होतं. कडेचं सगळं तेल उताराने खाली आलं होतं. मग काय, त्याच्यावर आणखी एक थर दिला. चिकटपणा दुप्पट झाला. शेवटी सोडा आणि तारेची घासणी घेऊन अख्खी दुपार ते खरवडण्यात गेली, आणि मी जिथून सुरुवात केली होती तिथेच परत आले.

आता माझं माप असं: दहा इंची कढईला अर्धा छोटा चमचा तेल. आतून, बाहेरून, कडेला, कानांना, सगळीकडे एवढंच. ते लावताना कढई हाताला जेमतेम सोसवेल इतपत गरम हवी, म्हणजे तेल पसरतं. सगळीकडे चोळून झालं की फडकं बाजूला ठेवा आणि दुसरं, पूर्ण कोरडं सुती फडकं घ्या. त्याने तेल असं पुसा, जणू ते चुकून सांडलं होतं आणि तुम्हाला त्याची खूण ठेवायची नाही. मग भांडं उजेडात तिरकं धरून पाहा. ओलसर चमक दिसली तर अजून तेल जास्त आहे. कोरडं वाटलं पाहिजे. ‘आता तर काहीच उरलं नाही’ असं मनात आलं की समजा, बरोबर उरलंय.

पण एवढ्यानेही काम संपत नाही, आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. भांडं तापू लागलं की तेल पातळ होतं आणि जिथे जरा जास्त आहे तिथे त्याचे बारीक थेंब उभे राहतात, घाम आल्यासारखे. ते तसेच भाजले गेले की तिथे खडबडीत, चिकट ठिपके कायमचे बसतात. म्हणून मंद आचेवर चार-पाच मिनिटं तापवा, गॅस बंद करा, आणि चिमट्यात घट्ट पकडलेल्या कोरड्या फडक्याने पुन्हा एकदा पुसा. चालू ज्योतीजवळ तेलकट फडकं नेऊ नका. कागदी नॅपकिनही नको, त्याचे तंतू थरात अडकतात.

तेलकट फडकी वापरून झाली की चुरगळून कोपऱ्यात फेकू नका, विशेषतः जवसाचं तेल वापरलं असेल तर. त्याची फडकी बंद ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकतात. साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा.

ओव्हन की ज्योत

भांडं ओव्हनमध्ये मावत असेल आणि त्याची मूठ लाकडी किंवा प्लॅस्टिकची नसेल तर ओव्हनच घ्या. उष्णता सगळीकडून सारखी लागते. तापमान 230 ते 250 अंश सेल्सियस, वेळ एक तास. भांडं उपडं ठेवा, म्हणजे उरलंसुरलं तेल बुडाशी न साचता खाली उतरेल, आणि खालच्या जाळीवर एक ट्रे ठेवा. नंतर ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. 180 अंशांवर भाजून ‘झालं’ म्हणणाऱ्यांचे तवे चिकट राहतात, यात आश्चर्य काहीच नाही.

बिडाच्या जाड तव्याला ओव्हनशिवाय पर्याय नाही असं नाही, पण ज्योतीवर करायचं तर आच अगदी सावकाश वाढवा. थंड बीड एकदम मोठ्या आचेवर ठेवलं, किंवा तापलेल्यावर गार पाणी पडलं, तर ते तडकू शकतं. पत्र्याचा तवा असा तडकत नाही, पण तो वाकतो.

गॅसवर खरी अडचण असते ती सारख्या उष्णतेची. मधला भाग लाल व्हायची वेळ येते तेव्हा कडा जेमतेम गरम असतात. म्हणून कढईचा एकेक भाग ज्योतीवर आणा: आधी बूड, मग सांडशीने कान धरून तिरकी करत बाजू, शेवटी कडा. त्या त्या भागातून धूर निघू लागला की हलवायची घाई करू नका. धूर निघतो, वाढतो आणि मग आपोआप ओसरतो. ओसरला की तिथला थर झाला, पुढच्या भागाकडे वळा. दहा इंची कढईला माझी साधारण बारा-पंधरा मिनिटं जातात. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा मात्र ज्योतीवर येईल असा लावू नका.

कोऱ्या, चकचकीत पत्र्याचं भांडं असेल तर थर्मामीटरचीही गरज नाही, कारण ते स्वतःच तापमान दाखवतं. तेल लावण्याआधी नुसतं तापवलं की आधी गवतासारखी पिवळसर छटा येते, ती साधारण 220–230 अंशांची. मग तपकिरी, जांभळी, आणि 300 च्या आसपास निळी. घाबरू नका, भांडं बिघडलेलं नाही. तो लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो. पिवळसर ते तपकिरी या दरम्यान आपलं काम होतं. सगळीकडे निळा येईपर्यंत तापवणं गरजेचं नाही. तेल लावल्यावरही इतकं तापवलंत तर थर जळून राखाडी पडतो.

झालं की नाही

पहिल्या थरानंतर भांडं तपकिरी, जरा ठिगळं लावल्यासारखं दिसतं. ठीक आहे. कोमट झालं की पुन्हा अर्धा चमचा, पुन्हा पुसणं, पुन्हा आच. तिसऱ्या-चौथ्यानंतर काळपट-तपकिरी, मंद चमक असलेला थर दिसेल. पाण्याचा थेंब नाचतो की नाही ही परीक्षा नव्हे, तो पुरेशा तापलेल्या कुठल्याही भांड्यावर नाचतो. बोट फिरवा. कोरडं आणि गुळगुळीत लागलं तर झालं.

बोट किंचित चिकटत असेल तर तेल न लावता पुन्हा तासभर 240 अंशांवर भाजा, किंवा गॅसवर त्या भागाचा धूर पूर्ण थांबेपर्यंत तापवा. बहुतेक वेळा तेवढ्याने कच्चा थर पक्का होतो. जाड डबकं असेल तर मात्र भाजून उपयोग नाही, वरची बाजू कडक होते आणि आतून ते मऊच राहतं. खरवडा आणि तेवढ्या भागावर पुन्हा पातळ थर द्या.

पहिल्या काही वेळा भांड्यात तळण करा किंवा भरपूर तेलात कांदा परता. चिंच, टोमॅटो, आमसूल, ताक असलेलं काही नवीन थरावर शिजवू नका. एकदा घाईत मी टोमॅटोची ग्रेव्ही अर्धा तास उकळवली आणि कढईच्या आत जिथवर ती पोचली होती तिथवर राखाडी पट्टा उमटला, रश्शालाही लोखंडी चव आली. अशा वेळी सगळं पहिल्यापासून करायची गरज नसते. पट्टा घासून, वाळवून, अर्ध्या चमच्याहूनही कमी तेलात तेवढ्याच भागाला दोन थर दिले की पुरतं.

धुताना साबण चालतो, पाण्यात भिजत ठेवणं चालत नाही. धुऊन लगेच ज्योतीवर वाळवा आणि बोटाच्या टोकाएवढं तेल फिरवून पुसून टाका. इथेही पुसायचंच आहे, नाहीतर तेच तेल आठवड्याभरात खवट होऊन चिकट होतं.