मॅग्नेशियमचा पत्रा वाकवताना बाहेरून फाटतो: स्लिप आणि ट्विनिंगबद्दलच्या या चुका टाळा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. २ मिमी जाडीचा एझेड३१ चा पत्रा, म्हणजे साधारण ३ टक्के अॅल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असलेला मॅग्नेशियम. टेस्ट सर्टिफिकेटवर इलाँगेशन २० टक्क्यांच्या आसपास. प्रेस ब्रेकवर ४ मिमी आतल्या त्रिज्येने काटकोनात वाकवायला घेतला, आणि वाक पुरा व्हायच्या आतच बाहेरच्या बाजूला वाकाच्या लांबीभर चीर पडली. मग एकच प्रश्न: "माल खराब आला का?"

माल सहसा ठीक असतो. हिशोब चुकलेला असतो, आणि तोही अगदी वाजवी दिसणाऱ्या जागी.

पहिली चूक: टेन्साइल चाचणीतले २० टक्के वाकाला लावणे

वाकाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचा ताण, म्हणजे तिथे पत्रा किती लांबतो हे, पटकन काढायचं सूत्र असं आहे:

ε = t / (2R + t)

इथे t जाडी आणि R आतली त्रिज्या. २ मिमी आणि ४ मिमी घातले की २ भागिले १०, म्हणजे २० टक्के येतात. सर्टिफिकेटवरही २० टक्के. काठावर का होईना, पास व्हायला हवा असं वाटतं. सौम्य स्टीलच्या बाबतीत हा अंदाज इतका फसत नाही. मॅग्नेशियममध्ये फसतो, आणि त्याचं कारण सर्टिफिकेटवर छापलेलं नसतं: चाचणीच्या पट्टीत लांबी वाढली तेव्हा कमी काय झालं, रुंदी की जाडी?

धातूचं घनफळ बदलत नाही. लांबी वाढली तर दुसरीकडे काहीतरी आक्रसलंच पाहिजे. टेन्साइल चाचणीची पट्टी अरुंद असते, तिला रुंदीत आक्रसायला मोकळीक असते. खोलीच्या तापमानाला एझेड३१ नेमकं तेच करतो: जाडी फारशी जात नाही, रुंदी जाते. रुंदीतला ताण भागिले जाडीतला ताण हे गुणोत्तर, म्हणजे आर-व्हॅल्यू, या पत्र्यात १ पेक्षा बरंच जास्त येतं, अनेकदा २ च्या पुढे. पण ३०० मिमी रुंद पत्रा वाकवताना मधल्या भागाला रुंदीत आक्रसताच येत नाही, शेजारचा धातू त्याला धरून ठेवतो. आता लांबी वाढायची तर सगळी किंमत जाडीनेच मोजायची. आणि जाडी कमी करणं हीच या पत्र्याला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट आहे.

कॅलिपर असेल तर हे पाच मिनिटांत तपासता येतं. टेन्साइल पट्टी ओढण्याआधी तिची रुंदी आणि जाडी मोजा. नेकिंग, म्हणजे पट्टी एकाच जागी आवळत जाणं, सुरू होण्याआधी, समजा १० टक्के लांबीवर, मशीन थांबवून पुन्हा मोजा. रुंदीच जास्त गेलेली दिसली तर सर्टिफिकेटवरचा इलाँगेशनचा आकडा रुंद वाकासाठी वापरू नका.

दुसरी चूक: "स्लिप सिस्टिम कमी आहेत" एवढ्यावर थांबणे

मॅग्नेशियमसारख्या षट्कोनी दाट रचनेच्या धातूंमध्ये स्लिप सिस्टिम, म्हणजे अणूंचे थर एकमेकांवरून घसरण्याच्या वाटा, कमी, म्हणून ते ठिसूळ, असं आपण परीक्षेत लिहितो. मग टायटॅनियमचं काय? तोही याच रचनेचा, पण व्यापारी शुद्धतेचा टायटॅनियमचा पत्रा थंडच चांगला वाकतो. म्हणजे किती सिस्टिम आहेत यापेक्षा कोणत्या आणि कोणत्या दिशेला चालणाऱ्या, हे पाहायला हवं.

भाकऱ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. एकेक भाकरी म्हणजे अणूंचा एक बेसल थर, आणि चवडीची उभी दिशा म्हणजे स्फटिकाचा सी-अक्ष. शुद्ध मॅग्नेशियमच्या एकाच स्फटिकात भाकरीवरून भाकरी घसरवायला साधारण अर्धा मेगापास्कल कातरताण पुरतो. चवडीच्या कडेच्या उभ्या पृष्ठभागांवरून, म्हणजे प्रिझमॅटिक प्रतलांवरून घसरवायला खोलीच्या तापमानाला ४० मेगापास्कलच्या आसपास लागतो. मिश्रधातूच्या बहुस्फटिकी पत्र्यात ही दरी बरीच कमी होते, पण क्रम तोच राहतो. टायटॅनियममध्ये मात्र तो उलटा आहे, तिथे प्रिझमॅटिक स्लिपच सोपी.

गंमत अशी की या दोन्ही स्लिप मिळाल्या तरी काम भागत नाही. दोन्हींची घसरण भाकरीच्या सपाटीतच होते, त्यामुळे चवडीची उंची रेसभरही बदलत नाही. फॉन मिझेस यांनी १९२८ मध्ये दाखवलेला निकष असा, की कुठलाही आकारबदल स्वीकारायला एकमेकांवर अवलंबून नसलेल्या ५ सिस्टिम लागतात. बेसल २ देते, प्रिझमॅटिक आणखी २. जी पाचवी कमी पडते ती बरोबर उंचीची, सी-अक्षाच्या दिशेची. ती देणारी पिरॅमिडल सी-अधिक-ए स्लिप मॅग्नेशियममध्ये आहे, पण धातू थंड असताना फार जोर लावल्याशिवाय हलत नाही.

यात भर पडते ती रोलिंगची. रोल केलेल्या एझेड३१ मध्ये बहुतेक ग्रेनच्या, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिकांच्या, भाकऱ्या पत्र्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर झोपलेल्या असतात. त्यामुळे पत्र्याची जाडी म्हणजेच चवडीची उंची. पत्र्याच्या सपाटीत ओढलं तर तंतोतंत झोपलेल्या ग्रेनमध्ये बेसल प्रतलावर कातरताण शून्य येतो. प्रत्यक्षात बरेच ग्रेन १५-२० अंशांनी कललेले असतात, म्हणून सुरुवातीचं काम निभावतं, पण तेवढंच.

तिसरी चूक: ट्विनिंगला दोन्ही दिशांनी चालणारी स्लिप समजणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. "उंचीची सिस्टिम नाही ना, मग ट्विनिंग आहेच की" असं पुस्तकात वाचून लोक निर्धास्त होतात. स्लिपमध्ये स्फटिकाची दिशा तीच राहते आणि घसरण उलटही करता येते. ट्विनिंगमध्ये स्फटिकाचा एक पट्टा अचानक आरशातल्या प्रतिमेसारखा उलटतो, आणि त्याचा कातर ठरलेल्या एकाच बाजूला होतो. मॅग्नेशियममधलं सोपं ट्विन, म्हणजे एक्स्टेन्शन ट्विन, चवडीची उंची फक्त वाढवतं. कमी करत नाही, कितीही ओढा.

याचं गणित स्फटिकाच्या एककाची उंची सी आणि पायाची बाजू ए यांच्या गुणोत्तरात आहे. मॅग्नेशियममध्ये ते १.६२४ आहे. ३ च्या वर्गमुळापेक्षा, म्हणजे १.७३२ पेक्षा ते कमी असलं की हे ट्विन उंची वाढवतं. जस्तात ते १.८५६ आहे, म्हणून तिथे त्याच प्रतलावरचं ट्विन बरोबर उलटं काम करतं.

आता आपला वाक घ्या. आतल्या बाजूला पत्रा त्याच्या सपाटीत दाबला जातो, म्हणजे जाडी वाढायला हवी, म्हणजे उंची वाढायला हवी. एक्स्टेन्शन ट्विनला हेच पाहिजे असतं. आतला थर लवकर नमतो, ग्रेनमागून ग्रेन ८६ अंशांनी वळतात. बाहेरच्या बाजूला उंची घटायला हवी, तिथे हे दार बंद. एकाच पत्र्याच्या दोन बाजू दोन वेगळे धातू असल्यासारख्या वागतात. परिणामी, लांबी न बदलणारा मधला थर स्टीलमध्ये आत सरकतो तो इथे बाहेर सरकतो, आणि वाकाशी पत्रा पातळ होण्याऐवजी थोडा जाड होतो. म्हणून स्टीलच्या तक्त्यातला के-फॅक्टर, म्हणजे हा मधला थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा, वापरून काढलेली फ्लॅट लांबीही चुकते. इथे तो ०.५ च्या वर जातो. लांबीची तक्रार करणाऱ्यांपैकी कितीजण हे तपासतात, मला शंका आहे.

एक्स्टेन्शन ट्विनची मर्यादाही ओळखून असावी. त्याचा कातर जेमतेम ०.१३, म्हणून सगळा ग्रेन वळला तरी त्यातून मिळणारा ताण ६-७ टक्क्यांपुढे जात नाही. पत्र्याच्या सपाटीत दाबून काढलेला आलेख पाहिला तर हे लगेच ओळखू येतं: आधी सपाट पायरी, मग साधारण ६ टक्क्यांनंतर वक्र एकदम वर उसळतो. टेन्साइलच्या घुमटाकार वक्राशी त्याचं काही साम्य नाही. फक्त टेन्साइलचा डेटा घालून केलेलं सिम्युलेशन आतल्या बाजूबद्दल खोटं बोलतं ते यामुळे.

बाहेरच्या बाजूला नाइलाज झाला की काँट्रॅक्शन ट्विन उगवतात. ही उंची कमी करतात, पण फार मोठ्या कातरताणाला, आणि बारीक सुईसारखी. त्यांच्या आत लगेच दुसरं ट्विन होतं आणि त्या चिंचोळ्या पट्टीत भाकऱ्या मूळ दिशेपासून ३८ अंशांनी कलतात, म्हणजे घसरायला अगदी सोयीच्या. सगळी घसरण त्या पट्टीतच कोंडली जाते आणि पट्टी फाटते. म्हणून चीर बहुधा पृष्ठभागाला ४५ अंशांच्या आसपास तिरकी आत शिरते.

वाकाचा आडवा छेद पॉलिश करून अॅसेटिक-पिक्रल एचंटने एच केला तर साध्या ऑप्टिकल मायक्रोस्कोपखाली दोन्ही गोष्टी दिसतात. आतल्या बाजूला भिंगाच्या आकाराचे रुंद पट्टे, बाहेर चिरेजवळ बारीक काळ्या रेघा. बाहेर रेघा न दिसता चीर एखाद्या ओरखड्यापासून किंवा कापलेल्या कडेच्या बरपासून निघालेली दिसली, तर दोष कडेच्या तयारीत आहे, वरचं सगळं पुराण बाजूला ठेवा. (पॉलिश करताना सुकी भुकटी साचू देऊ नका, मॅग्नेशियमची धूळ पेटते.)

चौथी चूक: अॅनीलिंग करून पुन्हा तोच वाक

पत्रा एच२४ टेम्परचा, म्हणजे रोलिंगने कडक होऊन अर्धवटच अॅनील झालेला, असेल तर ३४५ अंश सेल्सिअसला अॅनील केल्याने फायदा होतो, थंड वाकाची किमान त्रिज्या जाडीच्या ८ पटींवरून ५ ते ६ पटींपर्यंत येते. पण आपला पत्रा ओ टेम्परचाच, म्हणजे आधीच अॅनील केलेला होता. पुन्हा भट्टीत घालून काय होणार? नवे ग्रेन येतात, पण एझेड३१ मध्ये भाकऱ्या झोपलेल्या त्या झोपलेल्याच राहतात. ही मांडणी मोडायची तर कॅल्शियम किंवा रेअर अर्थ धातू किंचित प्रमाणात असलेला वेगळा मिश्रधातू घ्यावा लागतो.

२ मिमीला ५.५ पट म्हणजे ११ मिमी त्रिज्या. सूत्रात घातली की बाहेरचा ताण ८.३ टक्के येतो. थंड असताना या पत्र्याकडून रुंद वाकात मागावं ते एवढंच. डिझाइनमध्ये ११ मिमी चालत असेल तर गोष्ट इथेच संपते.

४ मिमीच हवी असेल तर, आणि त्यातली चूक

मग गरम करा. "गरम केलं की ट्विनिंग सोपं होतं" असं सांगणारे भेटतात, ते उलटं आहे. ट्विनिंगला लागणारा कातरताण तापमानाने फारसा हलत नाही. घटतो तो प्रिझमॅटिक आणि पिरॅमिडल स्लिपचा, त्यामुळे जाडीला वाट मिळते आणि आर-व्हॅल्यू १ कडे उतरते. २६० अंशांच्या आसपास जाडीच्या दुप्पट त्रिज्या, म्हणजे आपली ४ मिमी, साधते.

इथे हमखास फसतं ते पत्रा ओव्हनमध्ये तापवून थंड डायवर ठेवल्याने. दर घनसेंटिमीटरमागे मॅग्नेशियम स्टीलच्या निम्मीच उष्णता धरतो आणि ती झटकन सोडतो. ओव्हनचा मीटर २६० दाखवतो, पण पंच टेकेपर्यंत वाकाच्या रेषेवर पत्रा कितीतरी खाली आलेला असतो. पंच आणि डाय दोन्ही तापवा, आणि थर्मोकपल ओव्हनमध्ये नाही तर टाकाऊ तुकड्याच्या वाकाच्या रेषेवर लावून एकदा खात्री करा. पंचाचा वेगही कमी ठेवा, कारण वेग वाढवला की तापमान उतरवल्यासारखाच परिणाम होतो. वंगणासाठी साधं तेल या तापमानाला टिकत नाही. ग्रॅफाइट टिकतं, पण ते नंतर नीट काढलं नाही तर त्याच जागी पत्रा गंजायला लागतो.