सुरक्षा सप्ताहाच्या ओव्या लिहिण्याआधी

४ मार्चला सप्ताह सुरू होतो, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यातच वही घेऊन शॉप फ्लोअरवर फिरायचं. ओव्या टेबलावर बसून लिहायच्या नाहीत. गेल्या वर्षी मी तेच केलं. 'यंत्रापाशी जाण्याआधी, हातमोजे घाल आधी' अशी ओळ लिहिली आणि रोज सकाळी दीडशे माणसांकडून म्हणवून घेतली. तिसऱ्या दिवशी ड्रिलवरचा एक शिकाऊ मुलगा सुती विणलेले हातमोजे घालून उभा राहिला. धातूचा कीस बाजूला सारताना मोज्याचा धागा ड्रिलमध्ये अडकला. शेजारच्याने लाल बटण दाबलं आणि मोजा फाटला, म्हणून बोटं मुरगळण्यावर भागलं. मी ओरडलो तर तो म्हणाला, "साहेब, सकाळी तुम्हीच तर म्हणायला लावलं."

तर वहीत आधी दोन रकाने करा: हातमोजे कुठे हवेत आणि कुठे नकोत. दुसरा रकाना भरल्याशिवाय एकही ओळ लिहू नका. पत्रा उचलणं, वेल्डिंग, रसायनं हे पहिल्या रकान्यात, आणि त्यातही प्रत्येक कामाचा मोजा वेगळा. ड्रिल, लेथ, मिलिंग, म्हणजे जिथे जिथे काही फिरतं ते सगळं दुसऱ्या रकान्यात. फिरत्या ड्रिलला उघडं बोट लागलं तर कापतं, पण बहुतेक वेळा हात सुटतो. मोजा मात्र गुंडाळला जातो आणि सोबत हाताला ओढतो. बटणापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. सैल बाही आणि हातातला दोरा यांचंही तेच. कीस काढायला ब्रश किंवा आकडा, तोही यंत्र थांबवून.

चाल सोपी ठेवा. मी आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी धरतो, दुसरी आणि चौथी जुळवतो. टाळीवर बसतात, पाठ करावं लागत नाही. हेल्मेटची ही घ्या:

हेल्मेट डोईला घट्ट,
पट्टा हनुवटीखाली;
आत रुमाल कोंबाल,
तर कवटीला टाळी!

तिसऱ्या ओळीवर लोक हसतात, पण रुमालाचं खरंच आहे. हेल्मेटचं कवच आणि आतल्या पट्ट्यांची जाळी यांच्यात मोकळी जागा असते, वरून पडलेल्या वस्तूचा मार तिथे जिरतो. घाम येतो म्हणून तिथे रुमाल, विडीचं बंडल, मोबाईल कोंबला की मार सरळ डोक्यावर. पट्ट्याचं कारण सांगायला नको, वाकलं की हेल्मेट खाली.

पत्र्यासाठी:

पत्रा उचलता भाऊ,
हातमोजे हाती हवे;
धार दिसत नाही रे,
रक्त पाहूनच कळे.

ही एकटी म्हणायची नाही. पुन्हा सांगतो, एकटी नाही. हिच्या मागोमाग, त्याच दमात, ही:

ड्रिल फिरे, लेथ फिरे,
हातमोजे काढ बाबा;
धागा ओढला चकाने,
हाताचा घेईल ताबा.

वेळ कमी पडला तर हेल्मेटची गाळा, हिला हात लावू नका. दोन्ही ओव्या एका कागदावर छापा, वेगवेगळ्या पानांवर नाही, कारण दुसरं पान हरवतं. ड्रिलच्या खांबावर मात्र फक्त तिसरी चिकटवा, पत्र्याची तिथे अजिबात नको.

लिहून झालं की वरिष्ठांना दाखवण्याआधी ड्रिलवरच्या जुन्या माणसाला दाखवा. मी फक्त एचआरला दाखवलं होतं, त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिलं. नंतर हिंदी बोलणाऱ्या दोघांना ऐकवा आणि त्यांना काय कळलं ते त्यांच्या तोंडून ऐका. 'चक' सगळ्यांना कळतं, 'डोई' काहींना कळत नाही, तिथे आपल्या डोक्यावर हात ठेवून दाखवायचं.

आदल्या दिवशी कॉम्प्रेसर चालू असताना एकदा म्हणून बघा. ऐकू येत नसेल तर जागा बदला, माईकवर भरवसा नको. म्हणणारा लाइनवरचाच हवा, खणखणीत आवाजाचा. साहेबांनी म्हटलं की पोरं तोंड हलवतात फक्त.

सकाळी: हजेरी, तीन ओव्या, दोन मिनिटं, बस. भाषण नको. तिसरीनंतर "ड्रिलवर?" असं विचारायचं आणि सगळ्यांनी "मोजे काढ!" म्हणायचं. आवाज पडला तर परत विचारा. मग ड्रिलपर्यंत स्वतः चालत जा आणि हात बघा.