आवाज तुटतो तिथे वरून खाली या

छातीच्या आवाजात स्वरतंतू जाड राहून मिटतात, वर जाताना ते ताणून पातळ व्हावे लागतात. पांढरी एकमध्ये गाणारे बहुतेक पुरुष तार रे ते तार म या टप्प्यात जोर वाढवतात. तंतू जाडच राहतात, ताण असह्य झाला की एकदम सुटतात आणि आवाज फाटून फॉल्सेटोत, म्हणजे पोकळ, हवा मिसळलेल्या आवाजात उडी मारतो. म्हणून सराव उलटा करा. तार पंचमावर हलक्या आवाजात ‘ऊ’ धरा आणि मींड घेत सावकाश मध्य पंचमापर्यंत उतरा. तुटण्याच्या जागी आवाज मोठा करायचा नाही. उलट किंचित लहानच ठेवा. (तिथे हमखास जोर लावावासा वाटतो.) उतरणं सलग झालं की त्याच वाटेने चढा, मग ‘आ’ घ्या, वर जाताना तो थोडा ‘ऑ’कडे झुकू द्या.

वरचा स्वर हेड व्हॉइस, म्हणजे तंतू पातळ होऊनही नीट मिटलेला आवाज, की फॉल्सेटो, हे ओळखायला तो धरून हळूहळू मोठा करा. भरत गेला तर हेड व्हॉइस. हवा फुसफुसत राहिली किंवा खटका बसून छातीचा आवाज लागला, तर तंतू नीट मिटत नव्हते, तो फॉल्सेटो. घसा खवखवला तर त्या दिवशी थांबा.