या चुका टाळा: आठला पाळण्यात घातलेलं बाळ साडेदहापर्यंत का खेळतं?

इंदूरमध्ये पंचवीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काम केल्यावर आता निवृत्त झाले आहे, पण फोन थांबलेले नाहीत. निम्मे फोन एकाच तक्रारीचे असतात: "मावशी, बाळ दिवसभर पेंगतं आणि रात्री आपण आडवं व्हायच्या वेळी टक्क जागं होतं." मग कोणी दृष्ट काढतं, कोणी ग्राइप वॉटर पाजतं, कोणी दूध वरचं करून बघतं. बाळ कोणत्या वेळी झोपलं आणि कोणत्या वेळी उठलं, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

बाळाच्या झोपेवर दोन गोष्टींचा अंमल असतो. पहिली म्हणजे झोपेचा दाब. जागेपणी मेंदू काम करतो तसा त्यात अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो आणि झोपेत तो उपसला जातो. आपल्याला चहा-कॉफीने तरतरी येते ती कॅफिन या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून धरतं म्हणून. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर मेंदूत पेशींचा एक बारीक पुंजका असतो. तो उजेड बघून दिवस-रात्र ठरवतो, आणि अंधार पडला की त्याच्या सांगण्यावरून रात्र झाल्याचा संदेश देणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक स्रवायला लागतं. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने 1982 साली ही जोडी मांडली. आजही झोपेचा विचार तिथूनच सुरू होतो.

बाळात दाब फार लवकर चढतो. नवजात बाळाला तासभराचं जागरणही पुष्कळ होतं. सहा-सात महिन्यांच्या बाळाला साधारण दोन ते तीन तास पुरतात.

चूक पहिली: संध्याकाळची डुलकी आणि लगेच अंगाई

माझी भाची सुदामानगरात राहते. तिची मुलगी सात महिन्यांची असताना ती मला रडत म्हणाली, "मावशी, हिला आठला घेते, दहापर्यंत थोपटते, हात भरून येतात, आणि ही हसत बसते. माझंच काही चुकतंय." मी तिला कालनिर्णयच्या मागच्या पानावर तीन दिवस फक्त वेळा लिहायला सांगितल्या. तिथे सगळं दिसलं. पोर सकाळी नऊला उठत होती. साडेअकरा ते साडेबारा एक झोप, मग दुपारी साडेतीन ते पाच दुसरी. संध्याकाळी राजवाड्याकडून घरी येताना गाडीत पावणेसात ते सव्वासात तिसरी. आणि आठला पाळणा.

आता हिशेब करा. सव्वासातला उठलेल्या बाळाला आठ वाजेपर्यंत पाऊणच तास झालेला असतो. गाडीतल्या अर्ध्या तासाने दिवसभराचा साचलेला दाब बराच उतरवलेला असतो. शिवाय तिचं घड्याळ रात्रीची सुरुवात साडेदहाला मोजत होतं, कारण रोज झोप लागायची तेव्हाच. नेहमीच्या झोपेआधीच्या दोन-अडीच तासांत हे घड्याळ माणसाला सगळ्यांत जोरात जागं ठेवतं. दिवसभराच्या दाबाला तोंड देऊन संध्याकाळ निभावता यावी यासाठी ती सोय असते. झोपेचे अभ्यासक पेरेट्झ लावी यांनी 1986 मध्ये मोठ्या माणसांमध्ये हा पट्टा दाखवला. भाची नेमक्या त्याच पट्ट्यात थोपटत बसत होती. दाब कमी आणि घड्याळ विरोधात, मग हात भरून येणारच.

उपाय मी माझ्या सवयीने सांगितला. दिवसातली शेवटची डुलकी पाळण्याच्या तीन तास आधी संपवायची आणि त्यानंतर गाडीत पेंगली तर बोलतं ठेवायचं. दोन आठवडे पाळणा साडेदहालाच, म्हणजे झोप जिथे खरंच येते तिथून सुरुवात. मग दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे, आणि सकाळची उठायची वेळही तितकीच अलीकडे. सात पायऱ्यांत ती पावणेनऊला झोपायला लागली आणि सव्वासातला उठायला लागली. उठल्याबरोबर पडदे उघडून गच्चीत पंधरा-वीस मिनिटं, कारण सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो. संध्याकाळी ट्यूबलाइट बंद करून पिवळा मंद दिवा, कारण रात्रीचा उजेड तेच घड्याळ पुढे ढकलतो. लहान मुलांचे डोळे या बाबतीत मोठ्यांपेक्षा नाजूक असतात.

पाचव्या दिवशी तिने विचारलं, एकदम आठला का नको? घड्याळ एका रात्रीत दोन तास सरकत नाही, म्हणून. उतावीळपणे आणलेला बदल तीन दिवसांत परत जातो आणि मग सगळे म्हणतात की उपाय चालत नाही. मला या घाईची खरोखर चीड येते, कारण त्यात रडतं ते बाळ.

चूक दुसरी: रात्री झोपावं म्हणून दिवसा झोपू न देणं

हा सल्ला घरातली मोठी माणसं देतात, आणि तो मोठ्या माणसांपुरता खराही असतो. एखादी दुपार जागून काढली की आपल्याला रात्री गाढ झोप लागते. बाळाचं तसं नसतं. त्याचा दाब इतका चढतो की ते सहाच्या सुमाराला कोसळतं, पाऊण तास झोपतं, आणि दाब रिकामा करून उठतं. पुढची रात्र पहिल्या चुकीसारखीच. पाच महिन्यांच्या बाळाची डुलकी काढून टाकण्याऐवजी ती वेळेवर संपवा. चार महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाला चोवीस तासांत डुलक्या धरून बारा ते सोळा तास झोप लागते. त्यात एक-दोन तास इकडेतिकडे होणं स्वाभाविक आहे. शेजारच्या बाळाशी तुलना करू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात

पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिवस-रात्र शिकवायचा आग्रह. त्या वयात मेलाटोनिनचा स्वतःचा दिवस-रात्रीचा चढउतारच बाळात बसलेला नसतो. पोटात असताना तो आईकडून मिळत होता, आता रात्रीच्या दुधातून थोडा मिळतो. तोवर दिवसा उजेड आणि घरातले आवाज, रात्री अंधार आणि कमी बोलणं, एवढं पुरे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे महिने प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा.

काढून ठेवलेल्या दुधावर वेळ न लिहिणं. रात्रीचं दूध रात्रीच द्या.

बाळंतिणीचा दिवसभरचा कडक चहा. नवजात बाळाच्या शरीरातून कॅफिन निघायला काही दिवस लागतात.

रात्री तासाभराने हालचाल दिसली की लगेच उचलणं. लहान बाळाचं झोपेचं एक आवर्तन सुमारे पाऊण ते एक तासाचं असतं. त्याच्या टोकाशी ते कुरबुरतं, हातपाय हलवतं, कधी डोळेही उघडतं. मी एक-दोन मिनिटं नुसती बघत उभी राहते. निम्म्या वेळा ते आपोआप पुढच्या आवर्तनात जातं.

घड्याळाच्या नावाखाली पहिल्या महिन्यांत रात्रीचं पाजणं तोडणं. हे अजिबात करू नका. आणि दूध ओढत नसलेलं, हलवूनही जागं न होणारं, अंग गरम किंवा गार लागणारं नवजात बाळ "खूप झोपाळू" नसतं. त्याच तासाला डॉक्टरांकडे न्या.

भाचीची मुलगी आता अडीच वर्षांची आहे. मागच्या शनिवारी पाहुण्यांबरोबर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत अकरापर्यंत जागली, आणि रविवारी तिला साडेनऊपर्यंत झोपू दिलं. रात्री पुन्हा फोन आला: "मावशी, नऊला घेतलं, अजून खेळतेय." सोमवारी सकाळी सव्वासातला पडदे उघडायला सांगितले, आणि दुपारची झोप तीनच्या आत संपवायला.